वाफ निघाली म्हणजे मधले जेवण गरम झाले का?

आमच्या वस्तीतल्या एका घरात गेल्या उन्हाळ्यात नामकरणाचा कार्यक्रम झाला. दुपारी पन्नास-साठ माणसे जेवली. मटणाचा रस्सा मोठ्या पातेल्यात केलेला होता. तो उरला. पाहुणे गेल्यावर घरातल्या बायका दमलेल्या होत्या. पातेले झाकून ओट्यावर ठेवले गेले, आणि रात्री नऊच्या सुमारास त्यातला रस्सा डब्यांत भरून फ्रिजमध्ये गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक डबा बाहेर काढला. घरात मायक्रोवेव्ह होता. मावशी जिथे घरकाम करतात, तिथल्या बाईंनी नवीन घेतल्यावर जुना यांना दिलेला. रस्सा काचेच्या मोठ्या वाटीत ओतला, दोन मिनिटे फिरवला. कडेने बुडबुडे आले, वर वाफ दिसली, वाटीला हात लावला तर चटका बसला. "झालं गरम," असे म्हणून सगळे जेवायला बसले.

पहाटे दोनच्या सुमारास मावशींना आणि त्यांच्या थोरल्या मुलाला पोटात कळा येऊन जुलाब सुरू झाले. उलटी नव्हती, ताप नव्हता. सकाळी आम्हाला निरोप आला. मावशींनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, "सिस्टर, अन्न तर चांगलं गरम केलं होतं. वास पण चांगला होता. मग झालं कशानं?"

दोघेही दिवसभरात सलाइनशिवाय, ओआरएसच्या पाण्यावर बरे झाले. त्यांची शौचाची तपासणी झाली नाही, त्यामुळे जंतूचे नाव आम्ही शपथेवर सांगणार नाही. पण दुपारचे जेवण, बारा तासांनी कळा, जुलाब जास्त आणि उलटी नाही, मोठ्या पातेल्यातले मांस सावकाश थंड झालेले, ही सगळी खूण एका जंतूकडे बोट दाखवते. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. आणि मावशींच्या प्रश्नाचे उत्तर त्या काचेच्या वाटीच्या मध्यभागी होते. तेच उत्तर शोधायला आम्ही नंतर एक थर्मामीटर घेऊन त्याच स्वयंपाकघरात बसलो. ते काय सापडले, ते या लेखात.

मायक्रोवेव्ह बाहेरून आत येतो

गॅसवर पातेले ठेवले की खालून आच लागते, रस्सा खालून वर उकळतो, आणि डाव फिरवत राहिले की सगळीकडे सारखा होतो. मायक्रोवेव्हचे तसे नाही. त्यात आग नसते. त्या पेटीतून लहरी निघतात, आणि त्या अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवून गरम करतात. या लहरी अन्नात फार खोल जात नाहीत. साधारण दोन-तीन सेंटीमीटर, म्हणजे बोटाच्या दीड पेरापर्यंत, त्यांचा जोर असतो. त्यापुढचा मधला भाग लहरींनी नाही, तर कडेची ऊब हळूहळू आत सरकून गरम होतो. त्याला वेळ लागतो. आपण मात्र दोन मिनिटांनी दार उघडतो.

दुसरी गोष्ट अशी की पेटीच्या भिंतींवर आपटून परत फिरणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात. काही जागी त्यांचा जोर वाढतो, काही जागी तो जवळजवळ संपतो. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजून पाहा. एकाच पापडावर काही जागा फुलून पांढऱ्या झालेल्या असतात, काही जागी लालसर डाग पडतो, आणि मध्येच एखादा चकता कच्चाच्या कच्चा राहतो. पापड कच्चा राहिला तर दिसतो. डाळ, खिचडी किंवा रस्सा मधे थंड राहिला तर दिसत नाही, एवढाच फरक.

आतली फिरती काचेची ताटली याच कारणासाठी दिलेली असते. ती अन्नाला जोराच्या जागेतून आणि कमी जोराच्या जागेतून फिरवते. पण ताटलीच्या बरोबर मध्यभागी जे असते ते जागच्या जागीच फिरते. म्हणून वाटी मधोमध न ठेवता थोडी कडेला ठेवावी. जुन्या मशीनमध्ये ताटली फिरायची बंद झालेली असते. मावशींच्या मशीनचीही तीच गत होती, खालची चाकाची कडी हरवलेली. अशा मशीनमध्ये थंड जागा आणखी मोठी राहते.

आता वाफेचे कोडे सुटते. वाफ कडेच्या अन्नातून निघते. वाटीला बसणारा चटकाही कडेच्या अन्नाचाच. मधल्या अन्नाबद्दल वाफ आणि चटका काहीच सांगत नाहीत.

कोमट अन्न थंडपेक्षा वाईट का

परफ्रिंजेन्सची एक खोड आहे. अडचणीच्या वेळी तो स्वतःभोवती कवच करतो, त्याला बीजाणू म्हणतात. पहिल्या दिवशी मटण चांगले तासभर रटरट शिजले तरी हे कवच टिकते. अन्न शिजून झाल्यावर सावकाश थंड होऊ लागले की कवच फुटते आणि जंतू वाढायला लागतात. त्यांची सर्वांत आवडती ऊब 43 ते 47 अंश सेल्सिअसच्या आसपासची. त्या उबेत ते दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होतात. मोठे पातेले झाकून ठेवले की त्याचा मधला भाग तासन् तास नेमक्या याच उबेत राहतो.

पण याच जंतूच्या बाबतीत दिलाशाची गोष्टही आहे. वाढलेले जंतू कवचाबाहेर असतात, आणि बाहेर आलेला जंतू उष्णतेने मरतो. तो माणसाला आजारी पाडतो तो पोटात जिवंत गेल्यावर, आतड्यात विष सोडून. म्हणजे दुसऱ्या दिवशी अन्न आतपर्यंत नीट तापवले तर तो पोटात जिवंत जातच नाही. आणि मधला भाग फक्त कोमट झाला तर? तर आपण त्याला मारले नाही, उलट त्याच्या आवडीची ऊब दिली.

म्हणून आकडा लक्षात ठेवायचा तो असा: शिळे अन्न पुन्हा तापवताना त्याच्या मधोमध 74 अंश सेल्सिअस भरले पाहिजेत. अमेरिकेच्या कृषी खात्याचा आकडा 165 अंश फॅरनहाइट आहे, तो म्हणजेच हा. आमच्या बायका 75 लक्षात ठेवतात. गोल आकडा, शिवाय एक अंश पदरात जास्त. कडेला किती भरले याला अर्थ नाही. सर्वांत थंड जागी किती भरले, तेच खरे.

कोणता थर्मामीटर

घरात तापाचा थर्मामीटर असतो, तो यासाठी चालत नाही. तो 42-43 अंशांपर्यंतच मोजतो. पाऱ्याचा काचेचा असेल तर गरम रस्स्यात तडकेल आणि पारा अन्नात सांडेल. तो स्वयंपाकघरात आणूच नका.

कोरोनाच्या काळात कपाळावर धरायची बंदूक अनेक ठिकाणी आली, तीही कामाची नाही. तिला फक्त वरचा थर दिसतो, आणि आपला प्रश्न तर आतला आहे. स्वयंपाकासाठी म्हणून विकली जाणारी तशी बंदूकही वरचेच सांगते.

लागतो तो टोचायचा डिजिटल थर्मामीटर. एका टोकाला आकडे दाखवणारी छोटी खिडकी आणि तिला स्टीलची लांब सुई. तो उणे अंशांपासून दोनशे-तीनशे अंशांपर्यंत मोजतो आणि साधा घेतला तर दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो. भांड्यांच्या मोठ्या दुकानात, केकचे सामान विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन मिळतो. प्रत्येक घरी हवाच असे नाही. आमच्या गल्लीत बचत गटाने एक घेतला आहे. तो चार घरांत फिरतो, आणि कार्यक्रम असला की आधी त्या घरी जातो.

घेताना दोन गोष्टी पाहा. पहिली, आकड्यापुढे सी आहे की एफ. बहुतेक यंत्रांवर ते बदलायचे बटण असते. आमच्याकडे एका पोरीने मोठ्या आनंदाने सांगितले, "ताई, एकशेवीस झालं!" ते फॅरनहाइटचे होते, म्हणजे सेल्सिअसमध्ये जेमतेम 49. बटण एकदा सीवर आणून ठेवा आणि त्यानंतर हात लावू नका.

दुसरी, थर्मामीटर खरे बोलतो का, ते घरीच तपासता येते. एका पेल्यात बारीक फोडलेला बर्फ गच्च भरा, त्यात थोडे गार पाणी ओता, ढवळा आणि दोन मिनिटे थांबा. सुईचे टोक मधे धरा, भांड्याला टेकू देऊ नका. आकडा शून्याच्या आसपास, एक अंश इकडेतिकडे, आला पाहिजे. मग दुसऱ्या भांड्यात पाणी खळखळ उकळा आणि सुई धरा. मुंबईत 100 च्या जवळ येईल. पुण्यात किंवा नाशिकमध्ये 98 आला तर यंत्र बिघडले असे समजू नका. उंचावर पाणी जरा लवकर उकळते, म्हणून तिथे तेवढाच येणार. बर्फाच्या पाण्यात यंत्र चार-पाच अंश दाखवत असेल तर सेल बदलून पाहा. तरीही तसेच असेल तर दुकानदाराला परत करा.

त्या स्वयंपाकघरात आम्ही काय मोजले

मावशींच्याच मशीनवर बसलो. 700 वॅटचे मशीन. हरवलेली चाकाची कडी आधी नवीन आणून बसवली होती. आदल्या रात्रीची मुगाची खिचडी घेतली, साधारण 450 ग्रॅम, म्हणजे दोन माणसांची. ती फ्रिजमधून काढल्या काढल्या सुई टोचली तर 6 अंश. काचेच्या खोलगट वाडग्यात खिचडी भरली. मावशी रोज करतात तसेच करायला सांगितले. झाकण नाही, मधे हलवायचे नाही, पूर्ण जोरावर दोन मिनिटे.

दार उघडले तेव्हा कडेने वाफ निघत होती. सुई कडेला टोचली, 72 आले. मावशी हसल्या, "बघा." मग मधोमध, वाडग्याच्या अर्ध्या खोलीपर्यंत सुई घातली आणि आकडा थांबेपर्यंत धरून राहिलो. 29. बाहेरच्या हवेएवढेसुद्धा नाही. एकाच वाडग्यात, चार बोटांच्या अंतरावर, 43 अंशांचा फरक. मावशींनी मधला घास बोटावर घेतला आणि म्हणाल्या, "अगं बाई, हा तर गारच आहे." रोज कडेचा घास आधी खाल्ला जातो, त्याने तोंड भाजते, मग सगळे जेवण फुंकून गार करत खाल्ले जाते. त्यात मधला गार घास कधी लक्षातच येत नाही.

मग चमच्याने खालपासून वर, कडेपासून मधे, चांगली हलवली. सगळी सारखी झाल्यावर मोजले तर 48. म्हणजे दोन मिनिटांत मशीनने एवढीच ऊब दिली होती. ती सगळी कडेला गोळा झाली होती म्हणून जास्त वाटत होती. आणि 48 म्हणजे कोणती जागा, हे वर सांगितलेच आहे. इथेच थांबून जेवायला बसणे म्हणजे सर्वांत मोठी चूक.

खिचडी कोरडी वाटत होती म्हणून दोन चमचे पाणी शिंपडले, वाडग्यावर एक चिनीमातीची बशी सैल झाकली, आणि आणखी दोन मिनिटे लावली. झाकणामुळे वाफ आत राहते आणि वरच्या थरालाही ऊब मिळते. आता कडेला 88 आणि मधे 66. अजून पुरेसे नाही. पण यावेळी लगेच पुन्हा मशीन न लावता झाकण तसेच ठेवून दोन मिनिटे थांबलो. या थांबण्याला महत्त्व आहे. मशीन बंद झाले तरी कडेची ऊब आत सरकत राहते. मग पुन्हा हलवून तीन ठिकाणी मोजले: मधे 77, कडेला 79, तळाशी बसलेल्या जाड गोळ्यात 76. सर्वांत कमी आकडा 76. पास.

एकूण मशीन चार मिनिटे चालले, दोन मिनिटे थांबलो, दोनदा हलवले. मावशींची रोजची सवय दोन मिनिटांची होती. उरलेली चार मिनिटे, तेवढाच फरक.

सुई टोचायची रीत

सुईचे मोजणारे भाग टोकाजवळच्या एक-दोन सेंटीमीटरमध्ये असतात. म्हणून टोक तिथे पोहोचले पाहिजे जिथे अन्न सर्वांत जाड आणि सर्वांत थंड आहे. वाडग्यात ती जागा बहुधा मधोमध असते. टोक तळाला टेकले तर काचेची ऊब मोजली जाते, अन्नाची नाही. म्हणून तळापासून बोटभर वर ठेवा. आकडा चढत किंवा उतरत असेल तोवर वाचू नका. स्वस्त थर्मामीटरला दहा-पंधरा सेकंद लागतात. तो स्थिर झाला की वाचा.

एका जागी मोजून समाधान मानू नका. तीन जागी मोजा आणि त्यातला सर्वांत कमी आकडा खरा माना. तिघांची सरासरी काढायची नाही. पोटात गेलेला थंड घास सरासरी बघत नाही.

रस्स्यात फोडी असतील तर रस मोजून उपयोग नाही. रस लवकर तापतो, फोडी मागे राहतात. सर्वांत मोठी फोड चमच्याने धरा आणि सुई तिच्या पोटात घाला. हाडाला टेकवू नका, कारण हाडाजवळचा आकडा फसवा असतो. भरलेले वांगे, बटाटावडा, कटलेट यांत सुई वरून न टोचता बाजूने घाला, म्हणजे टोक बरोबर मधे जाते. पोळी, भाकरी यांसारख्या पातळ गोष्टी अशा मोजता येत नाहीत. त्या तव्यावरच गरम कराव्यात.

फ्रीझरमधले गोठलेले अन्न थेट मायक्रोवेव्हमध्ये घातले तर घोळ आणखी वाढतो. बर्फ या लहरी फार कमी शोषतो, पाणी भरपूर शोषते. त्यामुळे जिथे बर्फ आधी वितळतो तिथे उकळी फुटते आणि शेजारी बर्फाचा गोळा तसाच राहतो. असे अन्न आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावे. वितळले की मग तापवावे.

सुई मशीन चालू असताना आत ठेवायची नाही. धातूवर ठिणग्या उडतात. स्टीलची वाटी आणि स्टीलचा डबाही याच कारणाने आत जात नाही. दार उघडायचे, मोजायचे, सुई बाहेर काढायची. प्रत्येक मोजणीनंतर सुई साबणाच्या पाण्याने धुवा, पण आकड्यांची खिडकी भिजवू नका. पहिल्या मोजणीत 48 आलेल्या अन्नातली सुई तशीच दुसऱ्यांदा घातली तर अर्धवट गरम अन्नातले जंतू आपणच तयार अन्नात नेऊन ठेवतो.

74 अंशांनीही जे सुटत नाही

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर थर्मामीटर घेतला म्हणून आपण निष्काळजी होऊ. उष्णता जिवंत जंतू मारते. पण काही जंतू अन्नातच आधी विष सोडून ठेवतात, आणि ते विष तापवल्याने जात नाही.

भाताचे उदाहरण घ्या. शिजवलेला भात उन्हाळ्यात दिवसभर ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो. त्याचे उलटी आणणारे विष उकळत्या पाण्यालाही जुमानत नाही. असा भात मायक्रोवेव्हमध्ये 90 अंशांवर नेला, फोडणी दिली, परतला, तरी एक ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. हाताच्या जखमेतून किंवा शिंकेतून अन्नात जाणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हाही असेच टिकाऊ विष सोडतो. ही विषे वासाने ओळखता येत नाहीत, चवीने नाहीत, आणि थर्मामीटरनेही नाहीत.

म्हणून थर्मामीटर ही शेवटची चौकी आहे. पहिली चौकी आदल्या दिवशीची. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे. बाहेर 32 अंशांपेक्षा जास्त गरमी असेल, म्हणजे आपल्याकडचा एप्रिल-मे, तर एका तासात. मोठे पातेले तसेच आत ठेवू नका. मधला भाग रात्रभर कोमट राहतो. अन्न उथळ डब्यांत, दोन-तीन बोटांच्या थरात भरा. पसरट ताटात ओतून पंख्याखाली थोडे निववले किंवा पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवून हलवले तर आणखी लवकर थंड होते. फ्रिज नसेल तर उरलेले अन्न त्याच वेळी वाटून टाकावे किंवा संपवावे, दुसऱ्या दिवसाला ठेवू नये.

नामकरणाच्या घरात खरी चूक दोनदा झाली होती. दुपारी दोन ते रात्री नऊ पातेले ओट्यावर राहिले, ही पहिली. वाफ बघून मशीन बंद केले, ही दुसरी. इतका वेळ बाहेर राहिलेला रस्सा खरे तर फेकूनच द्यायचा असतो. आम्ही असे सांगितले तेव्हा मावशी गप्प झाल्या. दोन किलो मटणाचे पैसे आम्हालाही कळतात. म्हणून तर आम्ही हे आधी सांगतो आहोत. वेळेवर डब्यात गेले तर फेकावे लागत नाही.

आणि जेवढे खायचे तेवढेच तापवा. तापवलेले पुन्हा थंड करून पुन्हा तापवण्याच्या प्रत्येक फेरीत अन्न एकदा त्या कोमट टप्प्यातून खाली आणि एकदा वर जाते.

गॅस असेल तर

पातळ डाळ, आमटी, रस्सा यांच्यासाठी थर्मामीटर नसेल तर गॅस वापरा. डाव फिरवत राहा आणि मधोमध मोठे बुडबुडे येऊन दोन-तीन मिनिटे खळखळ उकळू द्या. उकळते ते सगळे 74 च्या पुष्कळ वर असते. घट्ट खिचडी, पुलाव किंवा भात मात्र उकळत नाही. खाली लागतो आणि वर गार राहतो. तिथे थोडे पाणी शिंपडून, झाकण ठेवून, मंद आचेवर, हलवत तापवावे. थर्मामीटर असेल तर तिथेही सुई टोचावी.

घरात तान्हे बाळ, गरोदर बाई, म्हातारे माणूस किंवा साखरेचा आजार असलेले कोणी असेल तर शिळ्या अन्नाचा हिशेब कडक ठेवा. अशा शरीराला थोडे जंतूही भारी पडतात. बाळाचे दूध तर मायक्रोवेव्हमध्ये गरम करूच नका. तिथे उलटी अडचण होते. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत एखादा घोट इतका कढत असतो की बाळाचे तोंड भाजते. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात धरून कोमट करावी.

इतके करूनही कोणाला जुलाब लागले तर ओआरएस लगेच सुरू करा. शौचात रक्त दिसले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, माणूस गुंगीत जाऊ लागला किंवा बाळाने पिणे सोडले, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

मावशींच्या मायक्रोवेव्हशेजारी आता भिंतीवर खडूने लिहिले आहे: "दोन मिनिटं – हलव – झाक – दोन मिनिटं – थांब – मधे 75." त्यांचा धाकटा नातू मोठ्याने वाचून सुई टोचतो आणि आकडा ओरडून सांगतो. परवा 68 आले तेव्हा त्याने ताट मागे ओढले आणि आजीला म्हणाला, "अजून नाय झालं."